२६ जानेवारीच का? परिपाठातील छोट्या भाषणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर संपत आला की शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्याकडून जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात नेमके काय सांगायचे, संविधान नोव्हेंबरात पूर्ण झाले तर दिवस जानेवारीत का, आणि दोन-तीन मिनिटांत हे सारे कसे बसवायचे. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत आणि पुढचे बारकाव्यांचे. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्यात पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच का असतो, हे एका वाक्यात कसे सांगावे?

असे सांगावे: "२६ जानेवारी १९३० रोजी देशभरातील लोकांनी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून बरोबर वीस वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताचे संविधान अमलात आणले गेले." भाषणातील बाकी सारा मजकूर या वाक्याचा विस्तार असतो. "या दिवशी संविधान लागू झाले म्हणून आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो" एवढेच वाक्य बहुतेक भाषणांत असते. ते खरे असले तरी "का" या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. संविधान त्याच दिवशी का लागू केले, हे सांगण्यासाठी १९३० पर्यंत मागे जावेच लागते.

२. २६ जानेवारी १९३० रोजी नेमके काय घडले होते?

त्याची सुरुवात १९२८ मध्ये होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात कलकत्ता येथील काँग्रेस अधिवेशनाने सरकारला एक वर्षाची मुदत दिली. वर्षभरात भारताला वसाहतीचे स्वराज्य, म्हणजे ब्रिटिश राजाला प्रमुख मानून अंतर्गत कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार मिळाला नाही, तर काँग्रेस पूर्ण स्वातंत्र्याची मागणी करील आणि त्यासाठी असहकाराचा मार्ग धरील, असे तेव्हा ठरले. ही मुदत ३१ डिसेंबर १९२९ रोजी संपत होती. सरकारकडून समाधानकारक उत्तर आले नाही. त्याच सुमारास लाहोर येथे रावी नदीच्या काठी जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले होते. तेथे महात्मा गांधींनी मांडलेला पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत झाला आणि मध्यरात्री तिरंगा फडकवण्यात आला.

मात्र ठराव अधिवेशनातील प्रतिनिधींचा होता. तो गावोगावच्या लोकांचा व्हावा यासाठी काँग्रेस कार्यकारिणीने २ जानेवारी १९३० रोजी एक दिवस निश्चित केला. तो होता जानेवारीतील शेवटचा रविवार, आणि त्या वर्षी तो २६ तारखेला आला. त्या दिवशी ठिकठिकाणी सभा घेऊन एकच प्रतिज्ञा वाचावी आणि जमलेल्या लोकांनी तिला संमती द्यावी, असे ठरले. सर्व ठिकाणच्या सभा शक्य तर एकाच वेळी व्हाव्यात, अशी गांधीजींची सूचना होती.

त्या प्रतिज्ञेचा मजकूर आजच्या विद्यार्थ्यांनाही सहज समजेल इतका ठोस आहे. स्वातंत्र्य हा भारतीय जनतेचा अविभाज्य हक्क आहे, असे तिच्या आरंभी म्हटले होते आणि पुढे कारणे दिली होती. लोकांची सरासरी कमाई दिवसाला सात पैसे आहे, असे तिच्यात नमूद होते. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे ही कमाई रुपयाच्या नवव्या हिश्श्याहून थोडी कमी भरते. कराच्या ओझ्यातील वीस टक्के शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यातून आणि तीन टक्के मिठावरील करातून येतात, आणि मिठाचा कर गरिबांना सर्वांत जास्त जाचतो, असेही तिच्यात होते. हातसुताचे काम मोडल्यामुळे शेतकरी वर्षातून किमान चार महिने रिकामा बसतो, ही तक्रारही होती. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, १२ मार्च १९३० रोजी, गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. विद्यार्थ्यांना मिठाचा सत्याग्रह माहीत असतो. त्याचे बीज या प्रतिज्ञेत दिसते, हे सांगितले की १९३० चा २६ जानेवारी त्यांना जवळचा वाटू लागतो.

आणखी एक गोष्ट भाषण करणाऱ्याने आवर्जून लक्षात ठेवावी. त्या दिवशीच्या त्या प्रचंड सभांमध्ये भाषणे नव्हती आणि चेतवणारी आवाहनेही नव्हती, लोकांनी शांतपणे प्रतिज्ञा घेतली, अशी आठवण नेहरूंनी पुढे लिहून ठेवली आहे.

३. ठराव ३१ डिसेंबरला झाला, तर ती तारीख का घेतली नाही?

कारण ३१ डिसेंबर हा ठरावाचा दिवस होता आणि २६ जानेवारी हा प्रतिज्ञेचा. पहिला दिवस लाहोरच्या मंडपापुरता होता, तर दुसऱ्या दिवशी शहरांतील आणि खेड्यांतील माणसे एकत्र आली. शिवाय १९३० नंतर दरवर्षी पाळला गेला तो २६ जानेवारी. स्वातंत्र्य मिळेपर्यंत या दिवसाला "स्वातंत्र्यदिन" म्हणत असत. प्रभातफेरी, झेंडावंदन आणि प्रतिज्ञेचे वाचन या गोष्टी त्या काळी २६ जानेवारीला होत, आणि त्यासाठी अनेकांना अटकही होत असे. भाषणात "१९३० साली पहिला स्वातंत्र्यदिन साजरा झाला" असे वाक्य आल्यास ऐकणारी मुले गोंधळतात. म्हणून "त्या काळी यालाच स्वातंत्र्यदिन म्हणत" एवढी जोड द्यावी.

४. मग १९४७ साली स्वातंत्र्य २६ जानेवारीलाच का दिले-घेतले गेले नाही?

सत्तांतराची तारीख काँग्रेसने ठरवली नव्हती. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याची घोषणा केली होती. व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी ती मुदत बरीच अलीकडे आणून १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस निवडला. जपानने शरणागती जाहीर केल्याला त्या दिवशी दोन वर्षे होत होती. सतरा वर्षे स्वातंत्र्यदिन म्हणून पाळलेल्या तारखेचे नाव अशा रीतीने १५ ऑगस्टकडे गेले, आणि २६ जानेवारी या तारखेला योग्य असा नवा प्रसंग मिळेपर्यंत अडीच वर्षे जावी लागली.

५. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला होता, तर २६ जानेवारी १९५० ला वेगळे असे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर कळल्याशिवाय तारखेचे खरे महत्त्व ध्यानात येत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर दिले आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्ता भारतीयांच्या हाती आली, पण देशाचा दर्जा "डोमिनियन", म्हणजे वसाहतीच्या स्वराज्याचा होता. राजा सहावा जॉर्ज हाच भारताचा औपचारिक प्रमुख होता आणि त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहत असे. आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी या पदावर होते. देशाचा कारभार आवश्यक ते बदल केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार चाले, आणि तो कायदा ब्रिटिश संसदेचा होता. प्रत्यक्ष निर्णय भारतीय मंत्रिमंडळच घेत असे, त्यामुळे हे स्वातंत्र्य नाममात्र होते असे मुळीच म्हणता येत नाही. तरीही कायद्याने पाहता, लाहोरला जे नाकारले होते ते वसाहतीचे स्वराज्यच १९४७ मध्ये मिळाले होते.

२६ जानेवारी १९५० रोजी ही स्थिती संपली. भारतीयांच्या स्वतःच्या संविधानसभेने केलेले संविधान लागू झाले. त्याच्या ३९५ व्या अनुच्छेदाने १९३५ चा कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा हे दोन्ही रद्द केले. देशाच्या प्रमुखपदी वंशपरंपरेने येणाऱ्या राजाऐवजी निवडून आलेला राष्ट्रपती आला. १९३० च्या प्रतिज्ञेत जे पूर्ण स्वराज्य मागितले होते, ते कायद्याच्या भाषेतही पूर्ण झाले ते या दिवशी. म्हणून २६ जानेवारी ही जुन्या दिवसाची केवळ आठवण नाही. त्या दिवशीची मागणी आणि तिची पूर्तता या दोन्ही गोष्टी या तारखेवर एकत्र येतात. भाषणात एकच विचार ठसवायचा असेल, तर माझ्या मते तो हाच असावा.

"२६ जानेवारीला इंग्रज भारत सोडून गेले" हे वाक्य मात्र टाळावे. ते अनेक भाषणांत येते आणि चुकीचे आहे.

६. परिपाठात आम्ही उद्देशिका म्हणतो, तिच्यात "सव्वीस नोव्हेंबर, १९४९" असे आहे. मग संविधान दिन आणि प्रजासत्ताक दिन वेगळे कसे?

हा प्रश्न बहुधा विद्यार्थीच विचारतात, कारण ते उद्देशिका रोज म्हणतात. तिच्या शेवटी "आमच्या संविधानसभेत आज दिनांक सव्वीस नोव्हेंबर, १९४९ रोजी" संविधान "अंगीकृत आणि अधिनियमित" करून "स्वतःप्रत अर्पण" केल्याचे शब्द आहेत. म्हणजे २६ नोव्हेंबर हा संविधान स्वीकारल्याचा दिवस आहे आणि २६ जानेवारी हा ते अमलात आल्याचा. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून देशभर पाळला जातो.

दोन्ही दिवशी तारीख सव्वीस असल्यामुळे बोलताना चूक होते. "२६ जानेवारीला संविधान तयार झाले" किंवा "२६ नोव्हेंबरला संविधान लागू झाले" असे मुले म्हणून जातात. त्यासाठी भाषणाच्या कागदावर नोव्हेंबरपुढे "स्वीकारले" आणि जानेवारीपुढे "लागू केले" हे शब्द अधोरेखित करावेत.

७. संविधान स्वीकारल्यावर दोन महिने नुसते थांबले होते का?

नाही. येथे संविधानाचा ३९४ वा अनुच्छेद पाहावा लागतो. तो अगदी छोटा आहे, पण तारखेबद्दलचा अधिकृत शब्द त्यातच आहे. त्यात म्हटले आहे की हा अनुच्छेद आणि त्यात नमूद केलेले आणखी पंधरा अनुच्छेद ताबडतोब अमलात येतील, आणि उरलेले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात येईल. याच दिवसाला संविधानात "संविधानाचा प्रारंभ" म्हटले आहे.

ताबडतोब लागू झालेले अनुच्छेद कोणते, हे पाहिले की मधल्या दोन महिन्यांचे काम कळते. नागरिकत्वाविषयीचे ५ ते ९ हे अनुच्छेद त्यात आहेत. राष्ट्रपतीच्या शपथेचा ६० वा, निवडणूक आयोगाचा ३२४ वा आणि पहिल्या राष्ट्रपतीची निवड संविधानसभेने करावी असे सांगणारा ३८० वा अनुच्छेदही त्यात आहे. २६ जानेवारीच्या सकाळी शपथ घ्यायला राष्ट्रपती हवा, तर त्याची निवड आधी झाली पाहिजे, आणि निवड करायची तर तिचा नियम आधी लागू असला पाहिजे, असा हा सरळ हिशेब होता. त्याप्रमाणे २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद हे बिनविरोध राष्ट्रपती म्हणून निवडून आल्याचे जाहीर झाले. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारीला झाली आणि म्हणून तो दिवस आता राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो.

"केवळ तारखेसाठी दोन महिने संविधान रोखून धरले" असे विधान काही भाषणांत असते. ते जरा जास्तीचे आहे, कारण या तयारीला वेळ लागणारच होता. ३९४ व्या अनुच्छेदात तारीख आहे, तिचे कारण लिहिलेले नाही. मात्र संविधानसभेतील कित्येक सदस्यांनी स्वतः २६ जानेवारीची प्रतिज्ञा घेतलेली होती आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला होता. जानेवारीच्या अखेरीस दिवस ठरवायचा म्हटल्यावर त्यांनी तोच ठरवला, यात नवल नाही. भाषणात "त्या ऐतिहासिक दिवसाचा मान राखण्यासाठी ही तारीख निवडली" एवढे म्हटले की ते नेमके होते.

८. "२ वर्षे ११ महिने १८ दिवस" बरोबर की १७ दिवस? आणि ते २६ जानेवारीपर्यंत मोजायचे का?

हा काळ संविधानसभेच्या पहिल्या बैठकीपासून, म्हणजे ९ डिसेंबर १९४६ पासून, २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंतचा आहे. तो २६ जानेवारीपर्यंत मोजणे चूक आहे. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरले तर २ वर्षे ११ महिने १८ दिवस होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात १७ दिवस म्हटले होते आणि तेही बरोबर होते, कारण ते एक दिवस आधी बोलत होते. तारखेचे कारण सांगणाऱ्या छोट्या भाषणात हा आकडा मुळात लागतच नाही, आणि वेळ कमी असेल तर तो सर्वांत आधी वगळावा.

९. २६ जानेवारी १९५० च्या दिवशीचा कार्यक्रम कसा होता? मध्यरात्री घोषणा झाली होती का?

मध्यरात्रीचा प्रसंग १४ आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या मधला आहे. २६ जानेवारी १९५० हा गुरुवार होता आणि समारंभ सकाळी झाला. दिल्लीतील गव्हर्न्मेंट हाउसच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाच्या, दरबार हॉलमध्ये राजगोपालाचारी यांनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा वाचली. तेव्हा सकाळचे १० वाजून १८ मिनिटे झाली होती. सहा मिनिटांनी, १० वाजून २४ मिनिटांनी, डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. दुपारी त्यांची मिरवणूक निघाली आणि आयर्विन ॲम्फीथिएटरमध्ये, म्हणजे आजच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय क्रीडागारात, संचलन झाले. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो प्रमुख पाहुणे होते.

१०. भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा उल्लेख कोठे आणि कसा करावा?

"बाबासाहेबांनी २६ जानेवारी १९५० रोजी संविधान राष्ट्राला अर्पण केले" असे वाक्य अनेक ठिकाणी ऐकू येते. त्यात दोन गोष्टी मिसळल्या जातात. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. संविधान स्वीकारले संविधानसभेने, आणि तिचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते. स्वीकारण्याचा दिवसही नोव्हेंबरातला होता (प्रश्न ६ पाहावा).

बाबासाहेबांचा २६ जानेवारीशी थेट संबंध सांगायचा असेल, तर त्यांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाइतका योग्य आधार दुसरा नाही. त्यात त्यांनी ही तारीख नाव घेऊन उच्चारली आहे. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात आपल्याकडे समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल, असे त्यांनी बजावले होते. राजकारणात एक माणूस, एक मत आणि प्रत्येक मताचे एकच मूल्य हे तत्त्व मानले जाईल, पण समाजात प्रत्येक माणसाचे मूल्य सारखे मानले जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या भाषणात हा भाग जरूर घ्यावा. लहान वर्गांसाठी "मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर" एवढा उल्लेख पुरेसा आहे.

११. भाषण किती मोठे असावे? एखादा नमुना मिळेल का?

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या झाल्यावर भाषणाला दोन मिनिटे मिळतात. शाळकरी मूल स्पष्टपणे बोलते तेव्हा मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे कागदावर दोनशे शब्दांच्या आसपासच मजकूर हवा. "मी आपणांस चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती" या वाक्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे संबोधनानंतर सरळ विषयाला हात घालावा.

पुढील नमुना सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यासाठी आहे आणि २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर बोलायचा आहे.

"आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आज आपला प्रजासत्ताक दिन आहे. तो दरवर्षी २६ जानेवारीलाच का येतो, हे मी सांगणार आहे.

त्यासाठी एकोणीसशे तीस साली जाऊ. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता. तो ठराव प्रत्येक गावाचा व्हावा म्हणून एक दिवस ठरला, २६ जानेवारी. त्या रविवारी देशभर सभा भरल्या. लोकांनी एकत्र उभे राहून प्रतिज्ञा घेतली. तिच्यात गरिबांची सात पैशांची कमाई होती, शेतकऱ्याचा शेतसारा होता आणि मिठावरचा करही होता. पुढे दरवर्षी लोक हा दिवस पाळत राहिले.

१५ ऑगस्टला आपण स्वतंत्र झालो, पण देशाचा प्रमुख म्हणून इंग्लंडच्या राजाचेच नाव राहिले आणि कायदाही इंग्रजांनी केलेलाच राहिला. दरम्यान आपली संविधानसभा स्वतःचे संविधान लिहीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. नोव्हेंबरात संविधान स्वीकारले गेले. ते लागू करण्यासाठी दिवस निवडला तो २६ जानेवारी, कारण त्याच दिवशी लोकांनी पूर्ण स्वराज्य मागितले होते.

एकोणीसशे पन्नास साली, प्रतिज्ञेला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, राजाच्या जागी निवडून आलेले राष्ट्रपती आले आणि भारत प्रजासत्ताक झाला.

जय हिंद!"

यात मुद्दाम दोनच वर्षे घेतली आहेत. एकोणीसशे एकोणतीस आणि एकोणीसशे एकोणपन्नास ही वर्षे माइकसमोर उच्चारताना मुले हमखास अडखळतात किंवा एकमेकांच्या जागी म्हणतात. मुलाच्या कागदावर वर्षे अंकांत न लिहिता अक्षरांत लिहिली तर ही अडचण बरीच कमी होते.

१२. आमच्याकडे हे भाषण आदल्या दिवशीच्या परिपाठात होते. काय बदलावे?

"आज" या शब्दाच्या जागी "उद्या" करावे, आणि तो बदल पूर्ण भाषणात झाला आहे ना, हे वाचून पाहावे. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवसाचा उल्लेखही करता येतो (प्रश्न ७ पाहावा).

१३. पहिली-दुसरीच्या मुलांना यातले किती सांगावे?

तीन वाक्ये पुरेत. "खूप वर्षांपूर्वी २६ जानेवारीला लोकांनी ठरवले की आपला देश आपणच चालवायचा. मग आपण देशासाठी स्वतःचे नियम लिहिले. ते नियम २६ जानेवारीलाच सुरू केले, म्हणून आज आपण झेंडावंदन करतो." डोमिनियन, अनुच्छेद, ठराव यांपैकी काहीही या वयात नको.

१४. पूर्ण स्वातंत्र्याची मागणी पहिल्यांदा लाहोरला झाली, असे म्हणणे बरोबर आहे का?

नाही. मौलाना हसरत मोहानी यांनी १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली होती, पण ती तेव्हा मान्य झाली नाही. १९२७ च्या मद्रास अधिवेशनात पूर्ण स्वातंत्र्य हे ध्येय असल्याचा ठरावही झाला होता. लाहोरच्या ठरावाचे वेगळेपण असे की, त्यासोबत वसाहतीच्या स्वराज्याचा पर्याय सोडून देण्यात आला, कायदेभंगाची वाट मोकळी झाली आणि लगेच लोकांच्या प्रतिज्ञेचा दिवस ठरला. त्यामुळे भाषणात "पहिल्यांदा" हा शब्द न वापरता "लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला" एवढेच म्हणावे.

१५. "२६ जानेवारी १९५० रोजी महाराष्ट्र प्रजासत्ताक भारताचे राज्य झाला" असे म्हणता येईल का? मराठवाडा आणि गोवा यांचे काय?

तसे म्हणता येणार नाही, कारण महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. १९५० मध्ये कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश हे मुंबई राज्यात होते, तर विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर हे संस्थान भारतात आले. निजामाने नोव्हेंबर १९४९ मध्ये फर्मान काढून भारताचे संविधान मान्य केले, आणि २६ जानेवारी १९५० पासून तो त्या राज्याचा राजप्रमुख झाला. मराठवाड्यातील शाळेत भाषण असेल तर ही माहिती मुलांना आपल्या जिल्ह्याशी जोडता येते. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन त्यांच्या परिचयाचा असतोच.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. १९५० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर आलेला पहिला २६ जानेवारी १९६२ चा होता. गोव्यातील शाळेसाठी नमुना भाषण घेताना "देशभर" या शब्दानंतर, गोवा तेव्हा परकीय सत्तेखाली होता, हे एक वाक्य घालावे. नाहीतर आजी-आजोबांकडून ऐकलेले आणि शाळेत ऐकलेले यांचा मेळ मुलांना लागत नाही.

१६. २४ जानेवारीला संविधानावर सह्या झाल्या, असे वाचले. मग ती तिसरी तारीख कशाची?

ती संविधानसभेच्या शेवटच्या बैठकीची आहे. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. एकूण २८४ सदस्यांच्या सह्या आहेत. "जन गण मन" हे राष्ट्रगीत म्हणून त्याच बैठकीत जाहीर झाले. सह्यांमुळे संविधान वैध झाले असा समज होऊ शकतो, पण ते २६ नोव्हेंबरलाच स्वीकारलेले होते. विद्यार्थ्याला तारखांची गर्दी झेपत नसेल तर ही तारीख सोडून द्यावी. परिपाठात "जन गण मन" म्हटले जातेच, त्यामुळे दिनविशेष सांगणाऱ्या मुलाला २४ जानेवारीला ती स्वतंत्रपणे देता येते.

१७. परदेशात आमची मराठी शाळा फक्त रविवारी भरते. २६ जानेवारी मधल्या वारी आला तर भाषण जवळच्या रविवारी केलेले चालेल का?

भाषण रविवारी करण्यास काहीच हरकत नाही, मात्र "आज २६ जानेवारी आहे" असे त्यात म्हणू नये. अशा वेळी सुरुवात करायला एक चांगले वाक्य हाताशी आहे: १९३० मध्ये हा दिवस ठरला तोही जानेवारीतला शेवटचा रविवार म्हणूनच (प्रश्न २ पाहावा). त्या वर्षी रविवार म्हणून निवडलेली तारीख पुढच्या वर्षांत कोणत्याही वारी आली तरी पाळली गेली, हे मुलांना सांगितले की तारीख "ठरलेली" कशी होते ते त्यांना कळते. राजा, डोमिनियन आणि राष्ट्रपती यांतला फरक (प्रश्न ५) कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या मुलांना लवकर समजतो, कारण त्या देशांचा औपचारिक प्रमुख आजही ब्रिटनचा राजा आहे.